वर्षाचा मसाला: किती घ्यायचा, अख्खं काय, पूड काय आणि भेसळ कशी ओळखायची

मार्च लागला की ठाण्या-नवी मुंबईत वर्षाच्या मसाल्याची गडबड सुरू होते, आणि दरवर्षी बहुतेकांकडून गोष्टी उलट्या क्रमाने होतात. आधी बाजार गाठतात, भाव ऐकून पाच किलो मिरची उचलतात आणि प्रमाणाचा विचार डंकाच्या रांगेत उभं राहून करतात. दिवाळीनंतर अर्धी बरणी फिकट पडलेली असते, नाहीतर जानेवारीतच तळ दिसतो. क्रम सरळ ठेवला तर भेसळीची निम्मी चिंता आपोआप कमी होते. या लेखात मुख्यतः चार माणसांच्या घराचा वर्षाचा तिखट मसाला घेतला आहे. आगरी-कोळी पद्धतीचा, मालवणी किंवा घाटी, कुठलाही करत असाल तरी पायऱ्या याच राहतात.

पायरी 1: यादीआधी डबा मोजा

आईच्या किंवा सासूबाईंच्या वहीतलं प्रमाण बहुतेक वेळा दहा-बारा माणसांच्या घराचं असतं. ते मसाल्याच्या चवीसाठी वापरा, वजनासाठी नको. वजन आपल्याच स्वयंपाकघरातून काढायचं.

फेब्रुवारीत मसाल्याचा डबा रिकामा करून पुसा आणि त्यात बरोबर 200 ग्रॅम मसाला भरा. झाकणाला आतून तारीख चिकटवा आणि नेहमीसारखा स्वयंपाक करा. डबा संपेल त्या दिवशी हिशेब तयार असतो.

ऐरोलीतलं एक घर धरू. दोन मोठी माणसं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आठवड्यातून दोनदा मासे. त्यांचा 200 ग्रॅमचा डबा 26 दिवसांत संपला, म्हणजे दिवसाला पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. वर्षाला हे 2 किलो 800 ग्रॅम होतात. त्यातून गणपतीत आणि मे महिन्यात गावी जाण्याचे मिळून तीन आठवडे वजा करा, पाहुण्यांसाठी थोडं परत मिळवा. या घराला 2 किलो 700 ग्रॅम तयार मसाला पुरतो.

आता उलटा हिशेब. एक किलो मिरचीला पाव किलो धणे, 100 ग्रॅम हळकुंड आणि सगळा खडा मसाला मिळून 150 ग्रॅम, हे मध्यम प्रमाण झालं. एकूण दीड किलो. देठ, वाळवण आणि दळण यांतली घट धरली तर हातात साधारण 1 किलो 350 ग्रॅम मसाला येतो. म्हणजे ऐरोलीच्या घराला मिरची हवी फक्त दोन किलो, धणे अर्धा किलो, हळकुंड 200 ग्रॅम आणि खडा मसाला 300 ग्रॅम. डबा न मोजता गेलं असतं तर हेच घर चार-पाच किलो मिरची घेऊन आलं असतं.

रोजच्या हळदीचा हिशेब असाच वेगळा काढा. याच घरात 100 ग्रॅम हळद पाच आठवडे जाते, म्हणून वर्षाला एक किलो.

*तपासा:* मोजणीच्या महिन्यात घरात लग्नकार्य, उपास किंवा आजारपण असेल तर तो महिना धरू नका, पुढचा डबा मोजा.

पायरी 2: अख्खं काय आणि पूड काय, हे घरीच ठरवा

नियम सोपा आहे. जी वस्तू दळल्यावर ओळखू येत नाही आणि रोज भरपूर लागते, ती अख्खी घ्यायची. मिरची, हळद आणि धणे या तिघांचा नंबर पहिला. अख्ख्या मिरचीत विटेचा चुरा मिसळता येत नाही, पुडीत येतो.

पण अख्खं घेतलं की सगळंच एकदम दळायचं, असं नाही. मिरचीचा मसाला पावसाआधी दळून ठेवावा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत अख्खी मिरची जुलै-ऑगस्टमध्ये सहज बुरसते. गरम मसाल्याचं उलट आहे. लवंग, मिरी, वेलची अख्ख्या असताना वास धरून ठेवतात आणि दळल्या की दोन-तीन महिन्यांत उतरतात. म्हणून रोजच्या गरम मसाल्यासाठी त्या अख्ख्याच ठेवा आणि महिन्यापुरतं मिक्सरवर फिरवा. धणे-जिरे पूडही महिन्याचीच करा.

पूड विकत घ्यावीच लागते अशा वस्तू थोड्या आहेत. सुंठ घरच्या मिक्सरला दाद देत नाही आणि हिंग आपण बहुतेक बांधणीचाच वापरतो. बांधणीच्या हिंगात पीठ आणि डिंक असतोच आणि तो कायदेशीर आहे, त्याला भेसळ म्हणू नये. पूड घेताना पॅकबंदच घ्या, छोटं पाकीट घ्या, पॅकिंगची तारीख पाहा आणि 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे ना ते बघा. पोत्यातून सुटी काढून दिलेली मिरची पूड किंवा हळद घेऊ नका. पूड केलेले मसाले पॅकबंदच विकायचे, असा नियम आहे.

पायरी 3: केव्हा आणि कुठे

नवी मिरची बाजारात जोमाने येते ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मार्चच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत खरेदी आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दळण, असा बेत ठेवा. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो, पण हवेतला दमटपणा त्याच्या बराच आधी वाढतो. मेअखेरीस वाळवलेली मिरची दुपारी कुरकुरीत असते आणि रात्री पुन्हा मऊ पडते.

घाऊक भावासाठी तुर्भ्यातलं एपीएमसीचं मसाला मार्केट आहे. तिथे गाळ्यावर गेल्या-गेल्या विचारा, "किरकोळ देता का? कमीत कमी किती?" काही व्यापारी पोत्याशिवाय बोलत नाहीत, काही एक-दोन किलोही देतात. दोन किलोसाठी घाऊक बाजार गाठणं परवडत नसेल तर सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून घ्या आणि घरी काट्यावर वाटून घ्या. ठाणेकरांना जांभळी नाक्याचा बाजार जवळ आहे. तिथे भाव थोडा चढा असतो, पण पाव किलोही मिळतं आणि निवडायला वेळ मिळतो.

*सावधान:* कडक ऊन डोक्यावर येण्याआधी जा. पिवळ्या दिव्याखाली किंवा लाल ताडपत्रीच्या सावलीत मिरचीचा रंग पाहू नका. मूठभर मिरची उजेडात नेऊन बघायची.

पायरी 4: मिरची निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण वजनाने आणि पैशाने मिरचीच मोठी आहे.

आधी जातींचा मेळ. ब्याडगी रंग देते आणि तिखटाला सौम्य असते. ती सुरकुतलेली, गडद लाल असते. संकेश्वरी लांब, बारीक आणि तिखट. लवंगी छोटी आणि जाळ. गुंटूरही तिखटातच धरायची. बाजारात "काश्मिरी" म्हणून जे मिळतं ते रंगाच्या बाजूचं असतं, पण त्या नावाखाली बरंच काही खपतं, म्हणून नावापेक्षा मिरची बघा. मुलं असलेल्या घराला तीन भाग रंगाची आणि एक भाग तिखट पुरे. ऐरोलीच्या घरासाठी दीड किलो ब्याडगी आणि अर्धा किलो संकेश्वरी झाली.

व्यापारी वानगी दाखवतो ती पोत्याच्या तोंडाची असते. हात कोपरापर्यंत पोत्यात घालून मधली मिरची बाहेर काढा किंवा काढून मागा. वरची कोरडी आणि आतली गार, लिबलिबीत लागली तर समजा पाणी मारलेलं आहे किंवा माल शीतगृहातून नुकताच आला आहे. थोडा ओलसरपणा सगळ्याच मालात असतो, कारण अगदी कडक मिरची पोत्यात भरताना मोडते. प्रश्न किती ओलसर हा आहे. मूठभर मिरची घट्ट दाबून सोडा. ती हळूहळू पूर्वपदावर आली तर ठीक. दाबलेलीच राहिली आणि तळव्याला गारवा लागला, तर तुम्ही मिरचीच्या भावाने पाणी घेत आहात.

मग चार-पाच मिरच्या मधोमध फोडा. ही पायरी कुणी करत नाही आणि खरी गोष्ट इथेच कळते. नव्या मिरचीचं बी फिकट पिवळं असतं आणि आतली साल स्वच्छ, चकचकीत लाल असते. बी तपकिरी झालेलं, सालीचा आतला रंग विटलेला आणि वास कोंदट असेल तर माल गेल्या वर्षीचा. तो विषारी नसतो, पण त्याचा मसाला दोन महिन्यांत फिका पडेल, तेव्हा नव्याचा भाव देऊ नका. आत राखाडी किंवा काळी बुरशी दिसली, अगदी पाचातल्या एका मिरचीत जरी, तरी ते पोतं सोडा. बाहेरून मिरची चांगली दिसते आणि देठाकडून आत बुरशी धरलेली असते. उन्हात वाळवून किंवा भाजून बुरशी मरते, पण तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं.

पांढरट डाग पडलेल्या फटकी मिरच्या थोड्या असणारच. मूठभरात एखाद-दुसरी चालेल, पाच-सहा निघाल्या तर दुसरा गाळा बघा. जास्त तुकतुकीत मिरची पांढऱ्या रुमालावर घासा. तेलकट डाग उमटला तर चमक तेलाची आहे. लाल डाग सहज उमटला तर रंग मारला असण्याची शंका घ्या, कारण कोरड्या मिरचीची साल असा रंग सोडत नाही.

देठ काढलेली मिरची महाग असते आणि सोयीची वाटते. मला देठाचीच बरी वाटते. देठ तुटला की तिथून ओल आणि किडे आत जातात, शिवाय आत काय आहे ते वाळवताना आपल्याला एकेक मिरची हाताळून कळतं. किलोमागे 60-70 ग्रॅम देठात जातात, ते हिशेबात धरलेलंच आहे.

पायरी 5: हळकुंड आणि धणे

हळकुंड बाहेरून जितकं भडक पिवळं, तितकं सावध राहा. चांगल्या हळकुंडाची साल मळकट पिवळी असते आणि मोडल्यावर आत गर्द केशरी-पिवळा रंग निघतो. बाहेर भडक आणि आत फिकट असेल तर वरून रंग चोळला आहे. हा रंग कधीकधी लेड क्रोमेट असतो, म्हणजे शिसं, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरी आणल्यावर एक हळकुंड काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात सोडा. लगेच पिवळे लोट सुटले तर दळू नका, माल परत करा. हळकुंड आपटल्यावर टणक आवाज यायला हवा. नखाने खूण पडत असेल तर ते नीट वाळलेलं नाही.

धणे तळहातावर चोळून वास घ्या. हिरवट-पिवळे धणे वासाला चांगले. काळपट आणि भोकं पडलेले धणे म्हणजे कीड.

पायरी 6: खडा मसाला, एका ग्लासात पाण्यासह

ऐरोलीच्या घराचे 300 ग्रॅम असे बसतात: मिरी, जिरे आणि बडीशेप प्रत्येकी 50, दालचिनी 40, लवंग 30, दगडफूल आणि मसाला वेलची 20-20, चक्रीफूल 15, तमालपत्र आणि जायपत्री 10-10, नागकेशर 5. तयार "मसाला सेट"चं पाकीट घेऊ नका. त्यात स्वस्त आणि वजनदार जिन्नस जास्त भरतात, आणि लवंग किती आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

लवंग आणि मिरी घरी आणून पाण्यात टाका. चांगली लवंग बुडते. तेल काढून घेतलेली लवंग वर तरंगते. तिची कळी आक्रसलेली असते आणि नखाने दाबली तर तेल सुटत नाही. मिरीत पपईच्या बिया मिसळतात, त्या तरंगतात. पण पोचट मिरीही तरंगते, म्हणून तरंगलेला दाणा लगेच भेसळ ठरवू नका. तो फोडून चाखा. मिरी पोचट असली तरी जिभेला झोंबते. पपईचं बी लांबट, सुरकुतलेलं असतं आणि त्याला मिरीचा वास नसतो.

जिरे तळहातावर जोरात चोळा. हात काळा झाला तर कोळशाने रंगवलेलं गवताचं बी मिसळलं आहे. दालचिनी म्हणून आपल्याकडे बहुतेक जाड सालीची कॅशियाच मिळते. मसाल्याला ती चालते, पण पातळ पापुद्र्यांच्या सिलोन दालचिनीचा भाव तिला देऊ नका.

*पुडीसाठी चाचणी आणि तिची मर्यादा:* शंकास्पद मिरची पूड पाण्याच्या ग्लासात वरून भुरभुरा. रंगाच्या रेघा झपाट्याने खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. तळाचा गाळ बोटांत चोळून पाहा. खरखर लागली तर वीट किंवा वाळू, साबणासारखा गुळगुळीत लागला तर शंखजिऱ्याची भुकटी. पण सुदान नावाचे लाल रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणजे पाण्याची चाचणी पास झाली तरी पूड शुद्ध आहे असं ठरत नाही, आणि हेच अख्खी मिरची घेण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

*सावधान:* हळदीत बाथरूमचं ॲसिड टाकून गुलाबी रंग बघण्याच्या भानगडीत पडू नका. तीव्र आम्लात शुद्ध हळदही रंग बदलते, त्यामुळे भलताच निष्कर्ष निघतो आणि हात भाजतो तो वेगळा.

पायरी 7: वाळवणं आणि भाजणं

मिरची धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. गच्चीवर सुती कापडावर पसरा, वर पातळ ओढणी टाका आणि ऊन उतरायच्या आत घरात आणा. दोन-तीन दिवस पुरतात. बोटांत मिरची मोडली की "कट्" आवाज यायला हवा आणि हलवल्यावर बी खुळखुळलं पाहिजे. देठ आता काढा, वाळल्यावर ते सहज तुटतात. ज्या मिरचीत शंका येईल ती फोडून बघा. हातमोजे घाला, आणि लहान मूल जवळ असेल तर हे काम नंतर करा.

हळकुंडही उन्हात टाका, मग खलबत्त्यात किंवा पाट्यावर ठेचून तुकडे करा. धणे कोरडे भाजायचे, वास सुटला की लगेच उतरवायचे. खडा मसाला थेंबभर तेलात एकेक जिन्नस वेगळा परता, कारण दगडफूल अर्ध्या मिनिटात करपतं आणि दालचिनीला वेळ लागतो. करपलेल्या एका जिन्नसाने सगळा मसाला कडवट होतो. दळायला नेण्याआधी सगळं पूर्ण गार होऊ द्या.

पायरी 8: डंकावर

गिरणीपेक्षा डंकावर कुटलेला मसाला कमी तापतो, म्हणून रंग आणि वास दोन्ही जास्त राहतात. जाताना आपला माल घरी तोलून न्या आणि आकडा लिहून ठेवा. आपल्या आधी कुणाचा काय घाणा झाला ते डंकवाल्या काकांना विचारा. आधी नुसती लवंगी किंवा दुसऱ्याचा गरम मसाला कुटला असेल तर उखळ पुसून घ्यायला सांगा आणि पहिल्यांदा आपले मूठभर धणे टाका. तेवढे धणे वेगळे काढून टाकून द्या. रोजच्या वापराची हळद वेगळी आणि सगळ्यात आधी कुटून घ्या. मिरचीनंतर केली तर वर्षभर दुधात तिखट लागेल.

मग मसाल्याचा क्रम असा ठेवा: आधी मसाल्यातल्या हळकुंडाचे तुकडे आणि खडा मसाला, मग धणे, शेवटी मिरची. कडक जिन्नस आधी बारीक झाले की मिरचीला जास्त वेळ कुटावं लागत नाही. चाळण आणि पुन्हा कुटणं होईपर्यंत तिथेच थांबा.

*तपासा:* परत आल्यावर तोला. डंकातली घट किलोमागे 20-30 ग्रॅम समजण्यासारखी आहे. 100 ग्रॅमच्या वर गेली तर विचारणा करा.

पायरी 9: भरून ठेवणं

कुटून आणलेला मसाला गरम असताना बरणीत भरू नका. वाफ धरते आणि गुठळ्या होतात. कागदावर पसरून तीन-चार तास गार करा. काचेची किंवा चिनी मातीची बरणी उन्हात वाळवून घ्या. तळाला खडा हिंगाचा तुकडा ठेवा, मसाला दाबून भरा म्हणजे आत हवा राहत नाही, आणि वर पुन्हा हिंगाचा खडा ठेवा. बरणीला कापड बांधून झाकण घट्ट लावा आणि गॅसपासून लांब, अंधारात ठेवा. रोजच्या वापरासाठी 200 ग्रॅमचा डबा वेगळा ठेवा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच, कोरड्या दिवशी, कोरड्या चमच्याने उघडायची. जागा असेल तर दिवाळीनंतर लागणारा अर्धा मसाला हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

पायरी 10: संशय पक्का झाला तर

माल तसाच ठेवा, पिशवी आणि बिल जपा. दुकानदार बदलून देत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे जिल्ह्याच्या कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या 1800112100 या क्रमांकावर तक्रार करा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहक स्वतःही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्याला एक अट आहे: हा माल मी तपासायला देणार आहे, असं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. म्हणून घरी शंका आली तर उघडलेली पिशवी घेऊन धावू नका. त्याच दुकानातून त्याच मालाचं थोडं नवं वजन बिलासह घ्या, तिथेच तसं सांगा आणि मग नमुना द्या. अहवालात भेसळ निघाली तर भरलेलं शुल्क परत मिळण्याची तरतूद त्याच कलमात आहे.